‘एकशे नव्वद पूर्णांक एकोणनव्वद’ ऐकणाऱ्याला कसे कळावे?

प्रश्न : आमच्या नेरूळच्या ज्येष्ठ नागरिक संघात पुढच्या महिन्यात मला नवी मुंबईच्या पाण्यावर वीस मिनिटे बोलायचे आहे. आकडे जमवले आहेत : मोरबे धरणाची साठवण क्षमता १९०.८९ दलघमी, पूर्ण संचय पातळी ८८ मीटर, रोजची पुरवठा क्षमता ४५० दशलक्ष लिटर, २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ११,२०,५४७. घरी वाचून दाखवले तर सौ. म्हणाल्या, ‘काही कळले नाही.’ एकही आकडा गाळायचा नाही, पण लोकांना कळले पाहिजे. कसे बोलावे?

उत्तर :

एकही आकडा गाळायचा नाही ही अट आपण आधी सोडावी, अशी माझी पहिली विनंती आहे. वृत्तनिवेदनाच्या आणि नंतर वक्त्यांना शिकवण्याच्या कामात मी असंख्य आकडे तोंडाने सांगितले आहेत आणि त्याहून जास्त ऐकले आहेत. कागदावरचा आकडा आणि बोललेला आकडा यांत मूळ फरक असा की वाचणाऱ्याला मागे जाता येते, ऐकणाऱ्याला येत नाही. ऐकणारा आकडा डोक्यात धरून ठेवतो, तो कशाचा होता हे आठवतो आणि त्याच वेळी आपले पुढचे वाक्यही ऐकत असतो. तेवढ्यात दुसरा आकडा आला की पहिला सुटतो. म्हणून वीस मिनिटांच्या भाषणात लोकांनी घरी न्यावेत असे आकडे दोन, फार तर तीन ठेवावेत. बाकीचे एका कागदावर छापून सभागृहाच्या दाराशी वाटावेत. तिथे १९०.८९ अगदी नेमका असू द्या.

कोणते दोन-तीन ठेवायचे हे आकड्यांकडे पाहून ठरत नाही, श्रोत्यांच्या मनातल्या प्रश्नाकडे पाहून ठरते. नेरूळच्या सभागृहात बसलेल्या माणसाला धरणात किती दशलक्ष घनमीटर पाणी मावते याचे कुतूहल नसते. त्याला विचारायचे असते की धरण भरले म्हणतात, तर ते आम्हाला किती दिवस पुरेल. या प्रश्नाचे उत्तर आपल्या यादीत कुठेच लिहिलेले नाही, पण यादीतल्या दोन आकड्यांत ते दडलेले आहे. तेवढे बाहेर काढले की अर्धे काम झाले.

आता हिशोब करू. अडचण अशी की साठा दलघमीत दिला आहे आणि पुरवठा दशलक्ष लिटरमध्ये, म्हणजे दोन्ही आकड्यांत ‘दशलक्ष’ असले तरी मापे वेगळी आहेत. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, म्हणून एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर. त्या हिशोबाने १९०.८९ दलघमी म्हणजे १९,०८९ कोटी लिटर. पुरवठ्याकडे, दहा लाख म्हणजे एक दशलक्ष, म्हणून ४५० दशलक्ष लिटर म्हणजे ४५ कोटी लिटर. दोन्ही कोटी लिटरमध्ये आल्यावर भागाकार सोपा होतो : १९,०८९ भागिले ४५, म्हणजे ४२४ दिवस, म्हणजेच सुमारे चौदा महिने. ही सगळी रूपांतरे घरी, कागदावर करायची. व्यासपीठावरून ‘म्हणजे किती, तर एक दलघमी बरोबर शंभर कोटी लिटर, त्याला गुणिले…’ असे सुरू झाले की पहिल्या दोन ओळी सोडून बाकीचे सभागृह खिडकीबाहेर पाहू लागते.

आता १९०.८९ ऐवजी सरळ १९० घेऊन पाहा. १९,००० भागिले ४५, उत्तर ४२२ दिवस. सव्वाचारशे दिवसांत दोन दिवसांचा फरक पडला. दशांशानंतरच्या ज्या दोन अंकांपायी ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो, त्यांची किंमत एवढीच. पूर्णांकन करताना अपराधी वाटणाऱ्या वक्त्यांना मी नेहमी हे करून पाहायला सांगतो. नेमका आकडा आणि गोळाबेरीज या दोन्हींवरून मूळ प्रश्नाचे उत्तर काढायचे, आणि उत्तर बदलत नसेल तर बिनदिक्कत गोळाबेरीज सांगायची.

मात्र चौदा महिने हा आकडाही मी व्यासपीठावरून सांगणार नाही. धरणातले सगळे पाणी नळाला येत नाही. तळाशी मृत साठा राहतो, जो दरवाजांच्या पातळीखाली असल्याने नेहमीच्या मार्गाने उचलता येत नाही. शिवाय उन्हाळाभर बाष्पीभवन चालू असते आणि जलवाहिन्यांतही गळती होते. म्हणून चौदा ही वरची मर्यादा समजावी आणि बोलताना खाली उतरावे : ‘काठोकाठ भरलेले मोरबे, रोज पूर्ण क्षमतेने पाणी घेतले तरी, वर्षभर पुरते आणि वर थोडे उरते.’ पूर्णांकनाला दिशा असते, ही गोष्ट शाळेत कोणी सांगत नाही. जे आपल्या हातात आहे, उदाहरणार्थ साठा किंवा शिल्लक, ते खालच्या बाजूला न्यावे, आणि जे आपल्याकडून जाणार आहे, उदाहरणार्थ खर्च किंवा वापर, ते वरच्या बाजूला. म्हणजे चूक झालीच तर ती ऐकणाऱ्याला सावध करणारी होते, गाफील ठेवणारी होत नाही. त्या वाक्यातले ‘पूर्ण क्षमतेने’ हे शब्दही गाळू नका. ४५० दशलक्ष लिटर ही क्षमता आहे, प्रत्यक्ष उचल दर दिवशी तेवढीच असते असे नाही, आणि आपल्या संघात महापालिकेतून निवृत्त झालेले कोणीतरी पहिल्या रांगेत बसलेले असणारच.

आता सौ.ना काय ऐकू आले असेल ते पाहू. १९०.८९ हा आकडा मोठ्याने म्हणून बघा : एकशे नव्वद पूर्णांक एकोणनव्वद शतांश दलघमी. कानावर ‘नव्वद’ दोनदा आदळते, आणि दुसऱ्या वेळी ते नव्वद नसतेच. मराठीत एकोणीसपासून पुढे जवळजवळ प्रत्येक दशकाचा शेवटचा आकडा पुढच्या दशकाचे नाव घेऊन येतो : एकोणसाठ ऐकताना कानात साठ उरते, एकोणसत्तर ऐकताना सत्तर. त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर, सदुसष्ट आणि सत्त्याहत्तर या जोड्या पंख्याच्या आवाजात किंवा जरा घुमणाऱ्या माईकवर वेगळ्या काढणे अवघडच. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ साली ‘वीस एक’, ‘पन्नास सात’ अशी वाचनाची जोड दिली गेली तेव्हा महाराष्ट्रभर वाद रंगला होता. त्या वादात कोणतीही बाजू न घेता एवढे म्हणता येईल की मुलांना जी अडचण होते ती म्हाताऱ्या कानांनाही होते, फक्त म्हातारी माणसे तक्रार न करता मान डोलावतात. म्हणून बोलण्यासाठी आकडा निवडताना शक्यतो दशकावर किंवा पाचावर येऊन थांबावे : एकशे नव्वद, पंचेचाळीस, चारशे पंचवीस. आणि ४५० दशलक्ष न म्हणता ४५ कोटीच म्हणावे. दशलक्ष हे कागदपत्रांचे माप आहे, आपल्या श्रोत्यांचा आयुष्यभराचा व्यवहार लाख आणि कोटीत झाला आहे.

पूर्णांकनासाठी मराठीत तयार साधने आहेत, ती वापरायला आपण विसरत चाललो आहोत : सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन. ‘सव्वाअकरा लाख’ म्हटले की आकडा सांगितला गेला आणि तो अंदाजे आहे हेही सांगितले गेले, ‘सुमारे’ हा शब्द वेगळा लावावा लागला नाही. आपला ११,२०,५४७ हा आकडा याच पद्धतीने ‘सव्वाअकरा लाखांच्या आत’ होतो. एक सावधगिरी : श्रोत्यांबरोबर नातवंडे येणार असतील तर ‘पावणेदोनशे, म्हणजे एकशे पंच्याहत्तर’ अशी जोड एकदा द्यावी. इंग्रजी माध्यमातली बरीच मुले पावणेपाशी अडखळतात.

लोकसंख्येचा आकडा आला आहे तर त्यातला सापळाही सांगतो, कारण त्यात चांगले चांगले वक्ते अडकतात. ४५ कोटी लिटर भागिले सव्वाअकरा लाख माणसे, म्हणजे माणशी रोज ४०० लिटर, असे सोपे गणित मांडण्याचा मोह होतो. हे वाक्य उच्चारले की ज्यांच्या नळाला दिवसातून एकदाच पाणी येते ते उठून उभे राहतील, आणि त्यांचा राग योग्यच असेल. भागाकाराचा वरचा आकडा धरणाच्या क्षमतेचा आहे आणि खालचा २०११ चा. त्यानंतर शहर किती वाढले हे सीवूड्स किंवा घणसोलीत राहणाऱ्याला सांगायला नको. शिवाय वरच्या पाण्यात कारखाने, रुग्णालये, हॉटेले, बागा आणि गळती हे सगळे धरलेले आहे, खाली मात्र फक्त माणसे. दरडोई आकडा सांगायचा असेल तर वरचा आणि खालचा आकडा एकाच वर्षाचा आणि एकाच गोष्टीचा आहे ना, हे आधी तपासावे. तसा जोड हाताशी नसेल तर दरडोई आकडा काढूच नये.

त्याऐवजी मी निकषापासून सुरुवात करीन. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हा केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमावलीतला प्रसिद्ध निकष आहे. एकशे पस्तीस लिटर म्हणजे किती हे डोळ्यांसमोर येत नाही. पण न्हाणीघरातली पंधरा लिटरची बादली घेतली तर नऊ बादल्या होतात, अगदी पुऱ्या, न उरता. चौघांच्या घराला छत्तीस बादल्या, म्हणजे ५४० लिटर, म्हणजेच माळ्यावरची पाचशे लिटरची काळी टाकी एकदा भरून वर थोडे. नेरूळमधल्या कितीतरी घरांत ती टाकी आहे आणि ती रिकामी झाल्यावर होणारा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ओळखीची तुलना म्हणजे हेच : जी वस्तू श्रोत्याने स्वतः उचलली, भरली किंवा रिकामी होताना पाहिली आहे, तीच माप म्हणून चालते.

बादली निवडण्यापूर्वी मनात येऊन गेलेल्या आणि टाकून देण्याजोग्या तुलनांबद्दलही बोलले पाहिजे, कारण त्या फार आकर्षक असतात. टँकर ही वस्तू ओळखीची आहे, दहा हजार लिटरचा टँकर घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत रोज दिसतो. ४५ कोटी लिटरचे किती टँकर होतील? पंचेचाळीस हजार. इथे वस्तू ओळखीची, पण संख्या पुन्हा अनोळखी झाली, कारण पंचेचाळीस हजार टँकर कोणी पाहिलेले नाहीत. मग वक्ता आणखी पुढे जातो : ते एकामागे एक उभे केले तर रांग वाशीहून रत्नागिरीच्या पुढे जाईल. टाळ्या पडतात, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात आता पाणी उरलेले नसते, रस्ता उरलेला असतो. माझा नियम असा आहे की तुलनेनंतर उरणारी संख्या वीस-पंचविसाच्या आत असावी. नऊ बादल्या चालतात, छत्तीस बादल्यांची लगेच एक टाकी करावी लागते. एखाद्या तलावाशी तुलना करणेही घातक, कारण तलावाचा पृष्ठभाग दिसतो, खोली दिसत नाही, आणि प्रत्येक जण मनात वेगळी खोली धरतो. कोयनेची तुलना साताऱ्याकडच्या श्रोत्यांना आवडेल. कोयना १०५ टीएमसीचे, मोरबे पावणेसात टीएमसीचे, म्हणजे साधारण पंधरावा हिस्सा. पण त्यातून मोरबे लहान आहे एवढेच कळते, ते किती पुरेल हे कळत नाही.

आपल्या ८८ मीटरबद्दल खास इशारा. हा आकडा पाहून ‘अठ्ठावीस मजली इमारत बुडेल एवढे खोल’ असे म्हणावेसे वाटेल. म्हणू नका. धरणांची जलपातळी साधारणपणे समुद्रसपाटीपासून मोजलेली असते, तळापासून नव्हे. त्यामुळे पातळी म्हणजे खोली नाही, आणि पातळी निम्म्यावर आली म्हणजे पाणी निम्मे झाले असेही नाही. दरी खाली अरुंद आणि वर रुंद असते, म्हणून वरच्या एका मीटरमध्ये खालच्या एका मीटरपेक्षा कितीतरी जास्त पाणी असते. पूर्णांकनही इथे दगा देते. समजा यंदाची पातळी ८२.६ मीटर आहे आणि गेल्या वर्षी याच तारखेला ८३.४ होती. दोन्ही पूर्णांकात आणल्या की ८३ आणि ८३, फरक गायब, आणि सांगायचे तर नेमके फरकाबद्दलच होते. जिथे दोन आकड्यांतले अंतर हाच मुद्दा असतो तिथे आधी वजाबाकी करावी, मग उत्तर गोळा करावे, आणि तेवढेच बोलावे : ‘गेल्या वर्षीपेक्षा पाऊण मीटरहून थोडी जास्त घट.’ माझे मत विचाराल तर आपल्या भाषणात पातळी हवीच कशाला?

टक्केवारीचे मात्र करता येण्याजोगे काहीतरी आहे. ‘धरणात ४० टक्के साठा’ हे वाक्य उन्हाळ्यात रोज कानावर पडते आणि रोज कानावरून जाते. ४२४ दिवसांचे ४० टक्के म्हणजे १७०, मृत साठा आणि बाष्पीभवनासाठी हात आखडता घेऊन पाच महिने म्हणू. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बोलत असाल तर ‘पाऊस अजिबात आला नाही तरी ऑगस्टअखेरपर्यंत पुरेल’ असे होते. टक्क्याचे तारखेत रूपांतर झाले की सभागृहातला माणूस आपोआप जूनपर्यंतचे दिवस बोटांवर मोजू लागतो. फक्त ती टक्केवारी एकूण साठ्याची आहे की उपयुक्त साठ्याची, हे मूळ कागदावर पाहून घ्या. दोन्हींत मृत साठ्याएवढा फरक पडतो.

याच्या उलट दिशेचा हिशोब श्रोत्यांना सर्वांत जास्त धरून ठेवतो, म्हणून त्याला जागा द्या. मोठा आकडा लहान करून सांगितला, आता लहान आकडा मोठा करून दाखवायचा. माणशी रोज एक बादली, पंधरा लिटर, कमी वापरली तर काय होईल? इथे २०११ ची लोकसंख्या चालते, कारण आज माणसे त्याहून जास्तच आहेत, म्हणजे आपले उत्तर कमीच येईल, जास्त येणार नाही. अकरा लाख गुणिले पंधरा म्हणजे रोज एक कोटी पासष्ट लाख लिटर. वर्षात सुमारे सहाशे कोटी. त्याला रोजच्या ४५ कोटींनी भागले की तेरा दिवस. सभेत मधले सगळे टप्पे गिळून एवढेच सांगायचे : ‘प्रत्येकाने रोज एक बादली वाचवली तर वर्षाअखेरीस साऱ्या शहराला जवळजवळ दोन आठवडे पुरेल एवढे पाणी उरते.’ तेराचे ‘जवळजवळ दोन आठवडे’ करताना मी वर गेलो आहे, हे माझ्याच नियमाविरुद्ध झाले. पण लोकसंख्या जुनी धरल्याने हिशोबात आधीच भरपूर हात राखला आहे, म्हणून ते क्षम्य मानतो. कोणी काटेकोर श्रोता असेल तर ‘तेरा दिवस’ म्हणा, तेही कानाला जड नाही.

बोलताना आकडा वाक्याच्या शेवटी, क्रियापदाच्या अगदी जवळ ठेवावा आणि त्याच्यानंतर एक श्वास थांबावे. ‘पंचेचाळीस कोटी लिटर एवढी मोरबेची रोजची क्षमता असून ती भोकरपाडा येथील जलशुद्धीकरण केंद्रातून…’ या वाक्यात आकडा सुरुवातीलाच जळून जातो. ‘भोकरपाड्याला पाणी शुद्ध होते. रोज किती? पंचेचाळीस कोटी लिटर.’ असे म्हटले की ऐकणारा आकडा घ्यायला तयार असतो. एकदा ४५ कोटी म्हटले की शेवटपर्यंत तेच म्हणावे. वाक्याची शोभा म्हणून मध्येच ‘४५० दशलक्ष’ केले तर ऐकणाऱ्याला तो नवा आकडा वाटतो. एका वाक्यात एकच आकडा, आणि ‘अंदाजे’ किंवा ‘सुमारे’ भाषणाच्या आरंभी एकदाच, हे पाळले की बाकी आपोआप जमते.

या सगळ्यानंतर आपला मजकूर बोलताना असा होईल : ‘आज मी आकडे गोळा करूनच सांगणार आहे, नेमके आपल्या हातातल्या कागदावर आहेत. मोरबे काठोकाठ भरले, तर पाणी किती दिवस पुरते? पूर्ण क्षमतेने घेतले तरी वर्षभर, आणि वर थोडे. आपल्यातल्या प्रत्येकाच्या वाट्याला रोज किती यावे, असे नियम सांगतो? नऊ बादल्या. त्यातली एकच बादली आपण प्रत्येकाने वाचवली, तर वर्षाकाठी साऱ्या शहराचे तेरा दिवसांचे पाणी उरते.’ एक वर्ष, नऊ बादल्या, तेरा दिवस. दलघमी नाही, मीटर नाही, हजार कोटी तर नाहीच. ‘एकोणीस हजार कोटी लिटर’ मी मुद्दाम टाळले, कारण हजार कोटी हा शब्दप्रयोग अर्थसंकल्पांनी इतका झिजवला आहे की तो ऐकल्यावर माणसाचे कान मिटतात.

सभेआधी हा मजकूर सौ.ना पुन्हा ऐकवा, पण ‘कळले का’ असे विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. चहा वगैरे होऊ द्या आणि मग शेजारच्या वहिनींना त्या फोनवर काय सांगतात ते ऐका. ‘धरण भरले की वर्षाची काळजी मिटते म्हणे’ असे काही कानावर आले तर मजकूर उतरला. ‘कितीतरी कोटी लिटर आहे बाई’ असे आले तर अजून एखादा आकडा गाळायला हवा. आणि सभेत कोणी नेमका आकडा मागितलाच, तर खिशात चिठ्ठी असू द्या : १९०.८९ दलघमी, ४५० दशलक्ष लिटर, भागाकार ४२४ दिवस, मृत साठा व बाष्पीभवन वजा केलेले नाही. ती सावकाश वाचून दाखवावी, विचारणाऱ्याकडे पाहून.